पाण्याखाली दम कोंडण्याचा सल्ला मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गांविषयी कालच्या पुरवणीत जे पान छापले आहे, त्यातला एक परिच्छेद वाचून मी हादरले. ‘पाण्यात शिरण्याआधी दहा-पंधरा वेळा जोरजोरात श्वास घ्या, पुढचे काम डायव्हिंग रिफ्लेक्स करतो,’ असे आपल्या लेखात आहे. मी भूलतज्ज्ञ म्हणून नोकरीतून निवृत्त झाले. माणसाचा श्वास थांबल्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचे काय होते, हे बघण्यातच माझे आयुष्य गेले. त्यामुळे गप्प बसवत नाही.

डायव्हिंग रिफ्लेक्स खोटा नाही. श्वास रोखून चेहरा पाण्यात घातला की कपाळ, डोळे आणि नाकाभोवतालच्या मज्जातंतूंकडून मेंदूला खबर जाते, आणि मेंदू व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके कमी करतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे रक्त हृदय आणि मेंदूसाठी राखले जाते. सीलचे ठोके अशा वेळी शंभरावरून दहाच्या आसपास येतात. माणसाचे बहुधा दहा ते पंचवीस टक्केच कमी होतात, तेही पाणी चांगले गार असेल तेव्हा. मुंबईतल्या तलावांचे एप्रिल-मेमधले कोमट पाणी त्या कामाचे नाही. शिवाय हातपाय मारत पोहणाऱ्याच्या हृदयाला व्यायामामुळे उलट वेग घ्यावासा वाटतो. हा रिफ्लेक्स फार तर ऑक्सिजनचा खर्च थोडा आवरतो. तो ऑक्सिजन तयार करत नाही, आणि संपत आला की सांगतही नाही.

सांगणारा दुसराच असतो, आणि आपल्या लेखातला सल्ला नेमका त्यालाच गप्प करतो. दम कोंडल्यावर छातीत जी घुसमट होते, ती मुख्यतः साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. ऑक्सिजन कमी झाला म्हणून ती तेवढी होत नाही. निरोगी माणसाचे रक्त नेहमीच्या श्वासातही ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते, त्यामुळे जोरजोरात श्वास घेऊन त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. त्याचा रक्तातला दाब एरवी ४० मिलिमीटर असतो, तो २०-२५ पर्यंत उतरू शकतो. तो पुन्हा चढून घुसमट सुरू होण्याआधीच ऑक्सिजन तळाला जातो. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्येच पाण्याखाली बेशुद्ध पडणाऱ्या पोहणाऱ्यांविषयी हे लिहून ठेवले आहे. इतकी जुनी गोष्ट आपल्या लेखकांना ठाऊक नसावी याचा मला राग येतो.

माझ्या भाच्याचे काय झाले ते लिहिते. सतरा वर्षांचा, शाळेपासून शर्यती पोहणारा मुलगा. उपनगरातल्या एका तलावावर मित्रांची पैज लागली, पंचवीस मीटरच्या दोन फेऱ्या पाण्याखालून, डोके वर न काढता. काठावर उभा राहून त्याने भराभर श्वास घेतले. बोटांना मुंग्या आल्या, डोके हलके झाले. कार्बन डायऑक्साइड फार उतरल्याची ती खूण होती, पण त्याला वाटले, तयारी झाली. पहिली फेरी त्याने सहज मारली आणि भिंतीला पाय देऊन वळला. छाती भरून घेतलेल्या माणसाच्या अंगात सगळा मिळून दीड-दोन लिटर ऑक्सिजन असतो. नुसते पडून राहिले तर मिनिटाला पाव लिटर लागतो, पण पाण्याखाली जोर लावून पोहताना मिनिटाला लिटरभर किंवा जास्तही सहज जातो. शिवाय तो साठा शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही. धमनीतला ऑक्सिजनचा दाब एरवी शंभराच्या आसपास असतो, तो तिसाच्या खाली गेला की शुद्ध हरपते. दुसऱ्या फेरीत अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्याचे हात मंदावले, तोंडातून बुडबुडे निघाले आणि तो तळाशी जाऊन स्थिर झाला. त्याने हात वर केला नाही, धडपड केली नाही. काठावरच्या मित्रांचे लक्ष घड्याळावर होते. तो मुद्दाम जास्त वेळ काढतोय असे समजून ते टाळ्या वाजवत राहिले.

नंतर त्याने मला सांगितले, ‘मावशी, मला श्वास घ्यावासा वाटलाच नाही. उलट मस्त वाटत होतं.’ हे वाक्य मी तेव्हापासून पोहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला सांगत आले आहे. ऑक्सिजन कमी पडलेला मेंदू घाबरत नाही, त्याला बरेच वाटते.

जमिनीवर दम कोंडून कोणी बेशुद्ध पडले तर श्वास आपोआप सुरू होतो आणि माणूस उठून बसतो. पाण्याखालीही मेंदू काही वेळाने तोच श्वास घ्यायला लावतो, पण तेव्हा नाकातोंडाभोवती पाणी असते. सुरुवातीला घशाचे स्नायू आवळून वाट बंद ठेवतात, मग तेही सैल पडतात आणि पाणी फुप्फुसात जाते. चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चांगला पोहणारा पाण्याखाली हलायचा थांबला, तर तो गंमत करत नाही असे धरूनच उडी मारायला हवी.

आमच्या मुलाला शेजारच्या लेनमधल्या एका बाईंनी वर काढले. श्वास बंद होता, नाडी लागत होती. मी काठावरच होते. त्याचे डोके मागे करून, नाक चिमटीत धरून मी तोंडाने श्वास द्यायला लागले, आणि चौथ्या-पाचव्या श्वासाला तो खोकला. त्या वेळी भोवतीचे लोक ओरडत होते, ‘पोट दाबा, पाणी काढा!’ आणि त्याच कालच्या पानावर आपण जो फोटो छापला आहे, त्यात बुडालेल्या मुलाचे पोट दाबणारा माणूस ‘प्रथमोपचार’ म्हणून दाखवला आहे. पोट दाबल्याने फुप्फुसातले पाणी निघत नाही. जठरातले पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते, आणि जी मिनिटे श्वास द्यायला हवीत ती वाया जातात. बुडालेल्याचा मूळ आजार ऑक्सिजनचा तुटवडा हा असल्यामुळे युरोपातल्या नियमांत त्याला आधी पाच श्वास द्यायला सांगितले आहे, छाती दाबणे त्यानंतर. नुसती छाती दाबून भागत नाही, कारण रक्तात फिरवायला ऑक्सिजनच उरलेला नसतो. शुद्धीवर आला तरी त्याला घरी नेऊ नये. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. भाच्याला रात्रभर रुग्णालयात ठेवले होते, आणि पहाटेपर्यंत त्याला ऑक्सिजन लागत होता.

पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी ही विनंती. पोहण्याआधी जोरजोरात श्वास घेऊ नका, पाण्याखालच्या अंतराच्या पैजा लावू नका, आणि एकट्याने दम कोंडून पोहू नका, एवढी तीन वाक्ये त्यात हवीत. पोट दाबण्याचा फोटो काढून त्या जागी श्वास देणारा माणूस दाखवा. मे महिन्याचे वर्ग सुरू व्हायच्या आत हे छापले गेले पाहिजे.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, विलेपार्ले