जाळ दिसला म्हणजे हुकूम पोचला असं नाही

संपादक साहेब,

स. न. वि. वि.

किल्ल्यांवरच्या इशाऱ्यांबद्दल जिथे तिथे एकच वाक्य वाचायला मिळतं, की बुरुजावर जाळ पेटवून एका गडावरून दुसऱ्या गडावर निरोप पाठवायचे. चूक नाही, पण त्यामुळे मुलांना वाटतं की जाळातून आख्खा निरोपच जायचा, आणि मग वायरलेस नसताना सैन्य खरं कसं चालायचं हे कळतच नाही, म्हणून हे पत्र.

मी हर्णैचा. आमच्याकडे कनकदुर्गावर आज दीपगृह आहे, आणि दिवा उंचावर का लागतो हे इथल्या कुठल्याही खलाशाला सांगावं लागत नाही. वाळूत उभं राहिलं तर जेमतेम साडेचार किलोमीटरवर पाणी संपल्यासारखं दिसतं, तेच 100 मीटर उंच टेकडीवर गेलं की नजर 35 किलोमीटरच्या आसपास पोचते. म्हणून जाळ नेहमी माथ्यावर, तोही रात्री, कारण दिवसा ज्वाळा दिसतच नाही, धूर करावा लागतो, आणि कोकणात पाऊस लागला की धूर काय नि जाळ काय, समोरचा डोंगरसुद्धा गायब.

आता सिंहगड बघा. फेब्रुवारी 1670 ची रात्र, म्हणजे हवा कोरडी. सभासद बखरीत असं आहे की गड हाती आल्यावर मावळ्यांनी वरच्या पागेची खणं पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. दोन गडांमध्ये सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर, मध्ये घोडा पळवायचा तर दऱ्या, चढउतार, नदी, म्हणजे रात्रीत ते काम सोपं नाही. उजेड मात्र डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पोचला. महाराज म्हणाले, गड घेतला. पण तानाजी पडले हे त्या उजेडात कुठे होतं? ते दुसऱ्या दिवशी जासूद आला तेव्हा कळलं. त्यांचं उमरठ आमच्या कोकणातलंच, पोलादपूरकडचं, त्यामुळे हा प्रसंग वाचताना मला तो उजेड आणि जासूद यांच्यामधला वेळच जास्त मनाला लागतो. महाराज त्या वेळात फत्ते झाली एवढंच जाणून होते.

जाळाचं असंच असतं. आधी ठरलेलं असेल तेवढंच तो सांगतो, झालं किंवा नाही झालं. किती माणसं पडली, पुढे काय करू, हे त्याला विचारता येत नाही, आणि चुकून कुठे गवताची गंजी पेटली तर तीसुद्धा लांबून तशीच दिसणार.

निशाणांनी यात थोडी भर घातली, ती मुख्यतः समुद्रावर. 1805 मध्ये ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत इंग्रजांकडे शब्दांना नंबर दिलेलं पुस्तक होतं, नंबराप्रमाणे निशाणं चढवायची. त्यांचा आरमारप्रमुख नेल्सन, त्याला एक शब्द हवा होता तो पुस्तकात नव्हता, एकेक अक्षर लावत बसावं लागलं असतं, म्हणून निशाणांच्या अधिकाऱ्याने पुस्तकातला दुसरा सुचवला आणि नेल्सनने तो घेतला. म्हणजे काय बोलायचं तेसुद्धा पुस्तक ठरवत होतं. शिवाय वारा बघणाऱ्याच्या रेषेत आला की निशाण कडेने दिसतं, रंग कळत नाहीत, आणि तोफा सुरू झाल्या की सगळा धूर.

मग राहिला घोडेस्वार. तो पूर्ण मजकूर नेतो, पण त्याचाही घात होतो. क्रिमियात बालाक्लावाला 25 ऑक्टोबर 1854 ला इंग्रज सेनापती रॅगलन उंच कड्यावर होता, घोडदळ खाली खोऱ्यात. रशियन लोक बाजूच्या टेकड्यांवरच्या काबीज केलेल्या तोफा घेऊन चाललेत असं त्याला वरून वाटलं, म्हणून चिठ्ठी लिहवली की घोडदळाने पुढे जाऊन शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कुठल्या तोफा ते लिहिलं नाही, कारण वरून ते उघडच होतं. ती चिठ्ठी घेऊन कॅप्टन नोलनने घोडा थेट कड्यावरून खाली घातला. खाली घोडदळाचा प्रमुख लुकन, त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याने विचारलं, कुठल्या तोफा, तर नोलनने चिडून हात केला तो खोऱ्याच्या टोकाकडे, जिथे वेगळ्याच रशियन तोफा मांडलेल्या होत्या. सुमारे 670 स्वार तिकडे गेले, 110 च्या आसपास मेले, आणि नोलन अगदी सुरुवातीलाच पडला, त्यामुळे त्याला नेमकं काय म्हणायचं होतं हे विचारायला कुणी उरलं नाही. चिठ्ठी लिहिणारा आणि वाचणारा एकाच उंचीवर नव्हते, माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला.

म्हणून एक विनंती, गडांवर पुढचा लेख छापाल तेव्हा सोबत एक साधा नकाशा द्या, कुठल्या गडावरून कुठला गड दिसतो आणि मधली वाट चालायला किती वेळ लागतो एवढाच.

आपला,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)