गोळ्या टिनाखाली नका ठेवू

संपादक साहेब, गोळ्यांच्या पाकिटावर '३० अंशाखाली ठेवा' लिहिलेलं असते, म्हणजे तसं ठेवलं तरच एक्स्पायरीची तारीख धरायची. दुपारी दोन-चार तास पारा चढला तर गोळी लगेच खराब होत नाही, पण आपल्याकडं मे महिन्यात टिनाच्या घरात वरच्या फळीवर महिनाभर राहिली तर औषधाचा जोर कमी होऊ शकते. म्हणून ते पाकीट खालच्या कपाटात, मातीच्या भिंतीकडं, बंद डब्यात ठेवा, कूलरच्या ओल्या हवेत उघडं नको, अन् सरसकट फ्रीजमधी पण नको, तिथं ओल धरते. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या किंवा गोळीचा रंग बदलला तर घेऊ नका, मेडिकलवाल्याला दाखवा. मात्र वरून चांगली दिसणारी गोळीही कमजोर झालेली असू शकते.

- एक वाचक, जि. यवतमाळ