टांझानिया सहल : हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत सूचना

ऑगस्टच्या सहलीस येणाऱ्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, टांझानियात प्रामुख्याने फाल्सिपेरम हा घातक हिवताप आढळतो आणि त्यावर आपल्या ओळखीचे क्लोरोक्विन चालत नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यांपैकी एक औषध निवडावे.

दोन्ही गोळ्या रोज एकदा घ्यायच्या असून आपण १० तारखेला पोहोचत असल्याने ९ तारखेपासून सुरू कराव्यात. फरक थांबविण्यात आहे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जंतूला यकृतातच मारते, म्हणून २० तारखेला परत निघाल्यावर ते सात दिवस, म्हणजे २७ ऑगस्टपर्यंत पुरते. डॉक्सीसायक्लिन मात्र मुख्यतः रक्तात उतरलेल्या जंतूवर काम करते, त्यामुळे यकृतातून उशिरा बाहेर पडणारे जंतू सापडावेत यासाठी ते चार आठवडे, १७ सप्टेंबरपर्यंत घ्यावेच लागते. घरी आल्यावर बरे वाटते म्हणून नेमक्या याच गोळ्या सोडल्या जातात, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते.

डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे, पण उन्हाने त्वचा भाजते आणि अन्ननलिकेत जळजळ होते. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. गर्भवतींनी व आठ वर्षांखालील मुलांनी ती घेऊ नये. दुसरे औषध महाग असून जेवणासोबत किंवा दुधासोबत घ्यावे. मळमळ वा पोटदुखी होऊ शकते, तसेच मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास ते चालत नाही.

गोळ्या घेऊनही परतल्यानंतर वर्षभरात ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि टांझानियाचा प्रवास डॉक्टरांना आवर्जून सांगावा.