फोनवर मी गप्प झाले तर घाबरू नका

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, उपकेंद्रात आता फवारणीचा सीझन सुरू झालाय, रोज कोणी ना कोणी डोकं दुखतं म्हणून येतंच. आज फोन न करता लिहायला बसले कारण ही गोष्ट फोनवर मला नीट सांगता आली नसती.

आई, तू लहानपणापासून म्हणायचीस ना, "काऊन वं, एवढं काय सांगून राहिली, मुद्द्यावर ये." मला वाटायचं मी बोलकी आहे म्हणून. पण मागच्या वर्षी एक काका आले, कपाशीवर फवारून थेट आमच्याकडे, तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी पीएचसीच्या डॉक्टर सरांना फोन लावला आणि सुरू झाले की सर, ते सकाळी आठला शेतात गेले होते, त्यांचा मुलगा सोबत होता, मग मुलगा म्हणाला की त्यांनी जेवण नाही केलं, म्हणजे मी पोहोचले तेव्हा कपडे ओलेच होते, म्हणजे मी लगेच काढायला सांगितले... शेवटी सरांनीच मधात थांबवून विचारलं, नाडी किती? काका वाचले, वेळेवर पोहोचले. पण माझ्या मोबाईलमध्ये कॉल रेकॉर्ड होतात, रात्री तो ऐकला. 'फवारणी' हा शब्द माझ्या तोंडून यायला 1 मिनिट 40 सेकंद लागले होते, आणि 'म्हणजे' मी 11 वेळा म्हटलं होतं.

मी तो कॉल तीनदा ऐकला आणि मग लक्षात आलं की मी पेशंटची हालत सांगतच नव्हते, मी माझी साक्ष देत होते. सरांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होते, की तुझं काही चुकलं तर नाही ना. म्हणून सकाळपासूनचं सगळं क्रमानं सांगायचं, एकही गोष्ट सुटली तर दोष येईल असं वाटायचं. आणि वाक्य कुठं संपणार हे माहीत नसतानाच सुरू करायचं, मग 'आणि', 'मग', 'पण' जोडत जायचं, श्वास संपला की आवाज चढायचा आणि वेग अजून वाढायचा.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एसबीएआर नावाची पद्धत शिकवली होती, आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय पाहिजे. परीक्षेत मी ती बरोबर लिहिली होती, घाबरल्यावर मात्र आठवायची नाही. आता फोन लावायच्या आधी कागदावर चारच ओळी लिहिते, आणि पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. या महिन्यात तसाच पेशंट आला तेव्हा म्हटलं, "सर, फवारणीची विषबाधा वाटते, पुरुष, वय 45, लाळ येते, बाहुल्या बारीक, नाडी 52. दोन तासांपूर्वी फवारून आले. कपडे काढून साबणाच्या पाण्यानं धुतलंय. 108 बोलावलीय, अॅट्रोपिन तयार ठेवा." वीस सेकंदही लागले नाहीत.

पण बाबा, खरं अवघड त्याच्या पुढचं होतं. सर तिकडं दोन-तीन सेकंद काहीच बोलले नाहीत आणि माझ्या जिभेवर "म्हणजे सर..." आलंच होतं. तेव्हा मला तुम्ही आठवले. खेडा खरेदीवाला आपल्या अंगणात कापूस हातात घेऊन पाहायचा, तुम्ही एकदाच भाव सांगायचे आणि बैलाचं दावं सोडायला वळायचे. तो कितीही वेळ गप्प राहिला तरी तुम्ही दुसरा शब्द काढायचे नाहीत. मी ओठ मिटले, श्वास सोडला, सर म्हणाले, "पाठव."

सगळीकडे हे चालत नाही हेही कळलं. त्या पेशंटच्या बायकोला मी तसंच दोन वाक्यात सांगितलं तर ती अजूनच घाबरली, तिच्याजवळ बसून परत परत सांगावं लागलं आणि ते बरोबरच होतं. आणि झोप कमी झाली, किंवा मिटिंगमध्ये मोठे साहेब आले, की अजूनही माझं वाक्य लांबतं. आता फक्त तिसऱ्या 'म्हणजे' ला मला ऐकू येतं, तिथं मी वाक्य अर्धं सोडून देते आणि जे मागितलं तेवढं सांगते.

बाबा, तुम्ही फोनवर "बरी आहेस ना" विचारून गप्प होता, तेव्हा मला वाटायचं तुम्ही काहीतरी शोधताय, म्हणून मी पगार, जेवण, घरमालक सगळं एका दमात सांगायची. आता मी "हौ बाबा, बरी आहे" एवढंच म्हणणार आहे. आई, मग लाईन कटली समजून हॅलो हॅलो करू नको, मी तिथंच असते.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की कळवा, मी दोन दिवसाची सुट्टी टाकते.

तुमची,
मोठी