प्लेटलेट्स घटल्या म्हणून बाटल्या चढवायच्या?

मा. संपादक,
स. न.

परवाच्या रविवार पुरवणीतला प्लेटलेट्सवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध सगळं आठवणीनं लिहिलं, त्याबद्दल आभार. नागपुरात पावसाळा संपत आला की घराघरात हेच बोलणं असतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदातल्या एका वाक्याबद्दल आहे. ‘रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं सुरू असताना प्लेटलेट्स घटल्यास रक्तस्रावाचा धोका ओळखून तातडीने प्लेटलेट्सची सोय करावी.’ हे वाचून माझा चहा गार झाला. मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या स्लाइड पाहिल्या आहेत आणि हेच वाक्य गेल्या वर्षी माझ्या मोठ्या दिरांच्या खाटेशी उभी राहून ऐकलेलं आहे.

भाऊजी न्हाणीघरात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात सोमवारी शस्त्रक्रिया झाली. झोपून राहिल्यानं पायात गुठळी होऊ नये म्हणून त्याच रात्रीपासून पोटावर रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनच्या सुया सुरू झाल्या, पाच हजार युनिट, दिवसातून दोनदा. त्यांची किडनी जरा अशक्त आहे, म्हणून नवीन पद्धतीचं हेपारिन न देता जुनंच दिलं. त्यात काही चूक नव्हती.

शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार होत्या. बुधवारी एक लाख पंच्याण्णव हजार. हे साहजिकच, ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस आकडा उतरतो आणि मग आपोआप वर चढतो. शनिवारी दोन लाख नव्वद हजार झाल्या. पुढच्या सोमवारी रिपोर्ट हातात आला, एक लाख चौतीस हजार. निवासी डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगला पोरगा. म्हणाला, “मॅडम, लाखाच्या वर आहेत ना, मग काय टेन्शन? डेंग्यूची टेस्ट लावून टाकतो.”

आता इथेच गोम आहे. डेंग्यूनं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक लाखाची रेघ मारून ठेवली आहे. हेपारिन चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत रेघ नाही पाहायची, उतार पाहायचा. दोन लाख नव्वद हजारांवरून एक लाख चौतीस हजार म्हणजे दोन दिवसांत निम्म्याहून जास्त गेल्या. आणि दिवस कोणता? हेपारिन सुरू झाल्यापासून सातवा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये असा कडेलोट झाला, तर पहिला संशय हेपारिनवरच घ्यायचा. शरीराला नको ती ओळख पटायला तेवढे दिवस लागतात. (गेल्या महिन्या-दोन महिन्यांत आधी कधी हेपारिन दिलेलं असेल, तर मात्र पहिल्याच दिवशी घसरण होऊ शकते.)

मी आधी स्वतःच्या धंद्यावर संशय घेतला. जांभळ्या झाकणाच्या नळीत कधीकधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही, आकडा खोटाच कमी येतो. म्हणून निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त घ्यायला लावलं आणि स्लाइड स्वतः पाहिली. पुंजके नव्हते. प्लेटलेट्स खरोखरच कमी झाल्या होत्या.

मंगळवारी त्या अठ्ठ्याऐंशी हजारांवर आल्या आणि भाऊजींचा पाय सुजला. ऑपरेशनचा नव्हे, दुसरा, धडधाकट पाय. डॉपलर केला तर मांडीतल्या शिरेत ताजी गुठळी. मग खाटेभोवती दोन पक्ष पडले. एक म्हणे, गुठळी झाली म्हणजे हेपारिनची मात्रा कमी पडली, आता सलाईनमधून दिवसरात्र लावू. दुसरा म्हणे, प्लेटलेट्स उतरताहेत, रक्तपेढीतून चार पिशव्या मागवू. आपल्या लेखकमहाशयांचं वाक्य ते हेच! दोन्ही सल्ले दिसायला शहाणे आणि दोन्ही भाऊजींच्या जिवावर उठलेले.

कारण हेपारिननं होणाऱ्या या आजारात प्लेटलेट्स घटतात त्या वाहून जाऊन नव्हे, गुठळीत जाऊन. प्लेटलेटच्या पोटात पीएफ-४ नावाचं एक प्रथिन असतं. हेपारिन त्याला घट्ट बिलगतं आणि ती जोडी शरीराला परकी वाटू लागते. तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती प्रतिपिंडं त्या जोडीसकट प्लेटलेटच्याच अंगावर जाऊन बसतात आणि तिला चेतवतात. चेतलेली प्लेटलेट आणखी पीएफ-४ बाहेर टाकते, त्याला आणखी हेपारिन चिकटतं, आणि चक्र फिरत राहतं. रक्त पातळ करायला दिलेलं औषधच गुठळ्या पाडू लागतं. म्हणून अशा रुग्णाला रक्तस्राव क्वचित होतो. आकडाही सहसा वीस हजारांच्या खाली जात नाही. जो रक्तस्राव होतच नाहीये, तो थांबवायला बाहेरून प्लेटलेट्स चढवणं म्हणजे पेटलेल्या चुलीत आणखी काटक्या सारणं.

सुदैवानं रात्री बाहेरून एक रक्तविकारतज्ज्ञ आले. त्यांनी खाटेशी उभ्यानंच चार गोष्टी तपासल्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण दिले. घसरण निम्म्याहून जास्त, दोन. दिवस सातवा, दोन. नवी गुठळी, दोन. घसरणीला दुसरं काही कारण? प्रतिजैविक चालू होतं, थोडी शंका घ्यायला जागा, म्हणून एक. आठपैकी सात. हीच बेरीज तीन किंवा त्याहून कमी आली असती तर त्यांनी हेपारिनला हातसुद्धा लावला नसता. प्रत्येक घसरण काही हेपारिनच्या माथी मारता येत नाही, हेही त्यांनी त्या तरुण डॉक्टरला समजावलं. पक्कं करायला पीएफ-४ प्रतिपिंडांची चाचणी नागपूरबाहेर पाठवावी लागली. रिपोर्ट यायला चार दिवस. पण त्यांनी रिपोर्टची वाट पाहिली नाही. हेपारिन त्याच मिनिटाला बंद.

नुसतं बंद करूनही भागत नाही. चेतलेल्या प्लेटलेट्स आणि प्रतिपिंडं रक्तात असतातच, गुठळ्या पुढेही होत राहतात. म्हणून हेपारिनच्या कुळातलं नसलेलं दुसरं औषध लगेच लावावं लागतं. भाऊजींची किडनी अशक्त, म्हणून यकृतातून निघून जाणारं अरगॅट्रोबान सलाईनमधून सुरू केलं. “जुनं बंद करून नवीन हेपारिन देऊ का?” असं कुणीतरी विचारलंच. नाही. ते त्याच घरातलं, प्रतिपिंडं त्यालाही ओळखतात.

तिसरा पक्ष वॉरफरिनच्या गोळीचा होता. केसपेपरवर लिहूनही झाली होती. तज्ज्ञांनी ती खोडली. ही गोळी गुठळी रोखायला वेळ लावते, पण गुठळीला लगाम घालणारं प्रोटीन सी मात्र लवकर उतरवते. या आजाराच्या ऐन भरात ती दिली, तर सुजलेल्या पायाला गँगरीन होऊन पाय काढायची वेळ येऊ शकते. प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर जाईपर्यंत तिचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

आता माझी खरी गोष्ट. हेपारिन मंगळवारी बंद झालं. गुरुवारी प्लेटलेट्स एकसष्ट हजार. तज्ज्ञ विचारात पडले. मी दुपारी खाटेशी बसले होते, सिस्टर आल्या आणि हाताच्या सुईतून काहीतरी ढकललं. मी विचारलं, “सिस्टर, काय देताय?”

“काही नाही मावशी, सुई बंद पडू नये म्हणून फ्लश.”

ट्रेमधली कुपी उचलून पाहिली. हेपारिन! केसपेपरवरून औषध खोडलं होतं, ट्रेमधून कुणी काढलंच नव्हतं. दोन दिवस दर आठ तासांनी थेंब-थेंब चालूच होतं. सिस्टरचा दोष मी मानत नाही. त्यांच्या लेखी फ्लश हे औषधच नव्हतं. या आजाराला मात्र मात्रेशी देणंघेणं नसतं, फ्लशपुरतं हेपारिनही ते चक्र फिरतं ठेवायला पुरतं. त्या दिवसापासून सुई साध्या सलाईननं धुतली. शनिवारी चौऱ्याऐंशी हजार, सोमवारी एक लाख अठ्ठावीस, बुधवारी एक लाख बासष्ट. मग कुठे ती वॉरफरिनची गोळी कमी मात्रेत सुरू झाली, आणि तीही अरगॅट्रोबान चालू ठेवून. चाचणीचा रिपोर्ट मधल्या शनिवारी आला, ठळक पॉझिटिव्ह. तोवर त्याची कुणाला गरज उरली नव्हती.

तुमच्या लेखात यातलं एक अक्षर नाही. हेपारिन हा शब्दसुद्धा नाही, ‘रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं’ म्हणून मोकळे. ज्यांच्या घरी कुणी ऑपरेशन होऊन पडलंय, ते हेच कात्रण घेऊन डॉक्टरांपुढे उभे राहतील आणि पिशव्या मागवा म्हणून भांडतील. आपल्याकडे त्यासाठी धावणाऱ्या पोरांची कमतरता नाही, अर्ध्या तासात दाते उभे करतात बिचारे. त्यांच्या चांगुलपणाचा तरी विचार करायचा होता.

कृपा करून दुरुस्ती छापा, आणि लेख होता तेवढ्याच मोठ्या टाइपात. मागच्या खेपेस मी आमच्या गल्लीतल्या बंद दिव्यांबद्दल लिहिलं होतं, ते पत्र आपण निम्मं कापून शब्दकोड्याच्या खाली इतक्या बारीक अक्षरांत छापलंत की महानगरपालिकेलाच काय, माझ्या मिस्टरांनाही भिंग लागलं. दिवे अजून बंदच आहेत. या पत्रातून काही कापायचंच असेल तर वरचं बकरीचं दूध कापा, फ्लशचा परिच्छेद राहू द्या.

भाऊजी आता काठी टेकत फिरतात. किडनीसाठी पुढेमागे डायलिसिस लागलं तर तिथल्या मशीनमध्येही हेपारिन वापरतात, म्हणून त्यांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, सुनेनं लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी असते. ‘हेपारिन चालत नाही. फ्लशसुद्धा नाही.’

आपली,
एक जुनी वाचक (निवृत्त लॅब टेक्निशियन)
प्रतापनगर, नागपूर