डाउनलोड्समधून गेलेल्या ११ मुलाखती आणि तुमच्या मदत केंद्राने वाया घालवलेले पाच दिवस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल, २ एप्रिलला, तुमच्या मदत केंद्राशी माझं चौथं आणि शेवटचं बोलणं झालं. हे पत्र त्यानंतर लिहिते आहे.

२ मार्चला क्रोमबुकमध्ये जागा करताना मी डाउनलोड्समधल्या जुन्या फाइल्स एकदम निवडून डिलीट केल्या. त्यात माझ्या संशोधनाच्या ११ मुलाखती होत्या. त्या मी रेकॉर्डरमधून यूएसबीने थेट डाउनलोड्समध्ये उतरवल्या होत्या आणि रेकॉर्डर रिकामा केला होता. चूक माझी होती, ती मी पहिल्याच फोनवर कबूल केली. तक्रार पुढे जे घडलं त्याची आहे.

मुलाखती गेल्याचं लक्षात आलं २८ मार्चला, म्हणजे २६व्या दिवशी. त्याच दिवशी फोन केला. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "ड्राइव्हचा ट्रॅश बघा." बघितला. तिथे माझे दोन जुने मसुदे होते, मुलाखती नव्हत्या. मी सांगितलं, "फाइल्स ड्राइव्हमध्ये नव्हत्याच, डाउनलोड्समध्ये होत्या." त्यावर उत्तर आलं, "मॅडम, क्रोमबुकचं सगळं ड्राइव्हमध्येच जातं. सिंक व्हायला चार-पाच दिवस लागतात, तोवर थांबा." मी पुन्हा विचारलं, "डाउनलोड्स तर मशीनवरच असतं ना?" तो म्हणाला, "तुम्हाला तांत्रिक माहिती नाही, म्हणून तसं वाटतंय." हे वाक्य मी त्याच वेळी वहीत लिहून ठेवलं.

माझं बरोबर होतं, त्याचं चूक. डाउनलोड्स हे क्रोमबुकच्या स्वतःच्या साठवणुकीतलं फोल्डर आहे आणि ते आपोआप ड्राइव्हवर चढत नाही. ड्राइव्हचा ट्रॅश फक्त ड्राइव्हमध्ये असलेल्या वस्तू ठेवतो, त्याही ३० दिवस. जी फाइल तिथे कधी नव्हतीच, ती पाच दिवस थांबल्याने येणार कुठून?

मी मात्र थांबले. तुमच्या माणसाने सांगितलं म्हणून थांबले. मधल्या दोन फोनांवरही तेच ऐकलं: ड्राइव्ह बघा, थांबा. त्यातल्या एकाने तर पॉवरवॉश करायला सांगितलं. पॉवरवॉशने मशीनवरचं सगळंच पुसलं जातं, हे मला ठाऊक होतं म्हणून मी नकार दिला. पुसून गेलेली फाइल शोधायला उरलेलं मशीन पुसा, हा सल्ला तुमचा माणूस देतो!

काल वरिष्ठांशी बोलणं झालं आणि त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "फाइल्स ॲपच्या डाव्या पट्टीत वेगळा ट्रॅश आहे, तो बघितलात का?" तो मी आजवर एकदाही उघडला नव्हता. उघडला तर रिकामा होता, कारण या ट्रॅशची मुदतही ३० दिवसच आहे. ती १ एप्रिलला संपली आणि मी पोहोचले २ एप्रिलला. २८ मार्चला हेच वाक्य कुणी बोललं असतं, तर मुदतीचे चार दिवस शिल्लक होते.

खात्रीसाठी काल रात्री एक फुटकळ फाइल डाउनलोड्समधून डिलीट केली. ती फाइल्स ॲपच्या ट्रॅशमध्ये लगेच दिसली. राइट क्लिक करून Restore दाबलं, तर होती त्या जागी परत आली. ड्राइव्हचा ट्रॅश मात्र जसाच्या तसा होता. या सगळ्याला दोन मिनिटं लागली.

जे वाचलं ते मी स्वतः वाचवलं. ब्राउझरमध्ये chrome://downloads उघडलं, तर गेलेल्या तीन पीडीएफची नावं तिथे होती. फाइल नसली तरी ती जिथून उतरवली तो दुवा या यादीत राहतो. तिन्ही पुन्हा उतरवता आल्या. मुलाखती यूएसबीने आल्या होत्या, त्यामुळे त्यांची या यादीत नोंदच नाही. त्या ११ जणांपैकी एक आजोबा जानेवारीत वारले. त्यांना पुन्हा विचारायला जाता येणार नाही.

तुमच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न "फाइल कोणत्या फोल्डरमध्ये होती?" हाच असला पाहिजे. डाउनलोड्स असं उत्तर आलं, तर ग्राहकाला फाइल्स ॲपच्या ट्रॅशकडे पाठवायचं आणि तारीख मोजायची. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं त्या ट्रॅशमध्येही जात नाही, तेही त्याच वेळी सांगायचं. तुमचंच उत्पादन, तुमच्याच माणसांना ठाऊक नसावं?

मला चारही फोनांची ध्वनिमुद्रणं, लेखी माफी आणि मदत योजनेची भरलेली पूर्ण रक्कम परत हवी आहे. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढचं पत्र वकिलांकडून येईल. आणि हो, "तुम्हाला तांत्रिक माहिती नाही" हे वाक्य ऐकून मग त्या माफीचा मजकूर लिहा.

एक ग्राहक