सुमीस, बुटीबोरीवाल्याची हकीकत

प्रिय सुमे,

पोळ्यापासून तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवलेत, शिव्या देऊन घे. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच, बाबांची साखर तशीच. जिनिंगवर कापूस यायला लागला की मला रविवारशिवाय श्वास घ्यायला फुरसत नसते, तुला माहीतच आहे. आज लिहायला बसले कारण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर "एवढ्याशा गोष्टीचं काय" म्हणतील. वेळेवरून माझ्याशी जन्मभर भांडलेली तू एकटीच.

मामांनी स्थळ आणलं होतं. मुलगा बुटीबोरीला एमआयडीसीत, पर्मनंट, गावी थोडी ओलिताची जमीन. रीतीप्रमाणे चहा-पोहे, मग आई म्हणाली, आजकाल पोरं बाहेर भेटतात, भेटा बाप्पा. मी सेवाग्राम सुचवलं. आश्रमात माणसांची ये-जा असते, झाडाखाली बसायला जागा आहे, काही विकत घ्यावं लागत नाही, आणि आपल्या गावचं कुत्रंही रविवारी तिकडे फिरकत नाही. वेळ दुपारी दोनची. संध्याकाळी साडेपाचची गाडी मला वर्ध्याहून धरायचीच होती. सध्या सहाला अंधार पडतो आणि फाट्यापासून गावापर्यंत रस्त्यावर एक दिवा नाही. हे मी त्याला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. कुठे, कोणासोबत, केव्हा परत, हे वहिनीलाही सांगितलं होतं.

दोनला कोणी नाही. मी बापूकुटी पाहून आले. हसू नकोस, पण ज्या माणसानं जन्मभर कमरेला घड्याळ लटकवलं त्याच्या अंगणात बसून मी उशिरा येणाऱ्याची वाट पाहत होते. पंधरा मिनिटं झाल्यावर मेसेज टाकला, "मी पोचले आहे, कुठपर्यंत आलात?" थोड्या वेळानं एक फोन केला. वाजला, उचलला नाही. लगेच दुसरा नाही केला. माणूस गाडी चालवत असेल तर वाजत्या फोनमुळे तो काही लवकर पोचत नाही, उलट हात खिशाकडे जातो.

दोन पस्तीसला उत्तर आलं, "निघालो, दहा मिनिटांत येतोच." आता सुमे, मी तुझ्यासोबत काढलेली वर्षं इथं कामी आली. "दहा मिनिटांत" ह्या शब्दांना आपल्याकडे काही किंमत नाही, ते तूच शिकवलंस. मी विचारलं, "आत्ता कोणतं गाव?" गावाचं नाव सांगितलं की अंतर आपल्याला ठाऊकच असतं, मग हिशोब आपला आपण करता येतो. तो म्हणाला, "सेलू मागं टाकलं." सेलूहून पवनारवरून गाडीवर अर्धा तास, फार झालं तर पाऊण. म्हणजे सव्वातीनपर्यंत यायला पाहिजे. मी लिहिलं, "मी साडेतीनपर्यंत इथं आहे. त्यानंतर वर्ध्याला स्टँडवर असेन, साडेपाचची गाडी आहे." साडेतीनला उठले आणि ऑटोत बसले.

हे मी रागानं केलं असं वहिनीला वाटलं. राग होताच, पण उठण्याचं कारण दुसरं. एकट्या बाईला आश्रमात तासभर बसलेलं कोणी पाहिलं तर काही नाही, दोन तास बसली की चौकीदारही विचारतो, "ताई, कोणाची वाट पाहून राहिल्या?" आणि मुख्य म्हणजे तिथून वर्धा गाठायला ऑटो लागतो. तो चारला आला असता तर बोलता बोलता पाच वाजले असते, ऑटो मिळाला नसता, गाडी चुकली असती, आणि मग घरी जायला त्याची मोटरसायकल एवढंच उरलं असतं. माणसाच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्याच्या उशिराचं ओझं फिरून आपल्याच परतीवर येऊन पडतं. म्हणून सुरुवात कितीही लांबली तरी शेवटाची वेळ हलवायची नाही, हे मी आधीच पक्कं केलं होतं.

वर्ध्यात गोरसपाक घेतला, आईची औषधं घेतली. हे काम मुद्दाम ह्याच दिवसावर ठेवलं होतं, नाही तर अर्ध्या तिकिटाचासुद्धा जीव जळला असता.

तो स्टँडवर चार वाजून वीस मिनिटांनी आला. सेलू मागे टाकून जवळजवळ दोन तास! म्हणजे दोन पस्तीसला तो सेलूच्या आसपासही नव्हता, कदाचित घरी भांग पाडत होता. म्हणाला, पंक्चर झालं. मी सहज विचारलं, कुठं काढलं? म्हणाला, बुटीबोरीतच. मग सेलू? तर म्हणाला, सेलू "जवळ आलं होतं" असं म्हणायचं होतं. मी तिथं वाद घातला नाही. पंक्चर खरंही असेल. मला पंक्चरचा राग नव्हताच, एक फोन करून "पंक्चर आहे, तासभर लागेल" म्हटलं असतं तर मी निवांत बापूंच्या झाडाखाली झोपले असते.

स्टँडच्या कँटीनमध्ये चहा घेतला. बोलायला वाईट नाही गं. शिफ्टमधले किस्से सांगितले, मी जिनिंगचे सांगितले, हसलोही. पाच वाजले तसा तो म्हणाला, "गाडी जाऊ द्या नं, मी सोडतो तुम्हाला गावापर्यंत, अजून बसू थोडं." मी म्हटलं, "नाही, मी बसनंच जाईन." तो पुन्हा म्हणाला, "कायले भिता?" मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तेवढंच, कारण जोडलं नाही. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो. अंधाराचं म्हटलं तर हेडलाइट चांगला आहे, लोकांचं म्हटलं तर फाट्यावर उतरवतो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, चहाचे पैसे दिले आणि गाडी लागेपर्यंत उभा राहिला. ह्या एका गोष्टीमुळे मी त्याला दुसरी संधी दिली. नाही म्हटल्यावर तोंड पाडणारा असता तर तिथंच संपलं असतं.

आता तू म्हणशील, मी तर तुला बारावीच्या प्रॅक्टिकलला तासभर फाटकावर उभं केलं होतं, तेव्हा किती बोंबललीस. बोंबलले. आणि अजून बोंबलणार. पण तू धावत आली होतीस, एक चप्पल हातात, आणि पहिलं वाक्य होतं "माझी चूक, सरांना मी सांगते." त्यानंतर तुझ्या आजोबांच्या म्हशीची गोष्ट सांगितलीस ती खोटी होती हे मला आजही माहीत आहे. तरी तू सरांना सांगितलंस.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं नाही, त्यालाच सांगितलं, दिवस-वेळ तुम्ही ठरवा, जागा माझ्या बाजूची. आर्वी ठरली, सकाळी अकरा. मी तिथं शिंप्याकडे ब्लाउज टाकून बसले, म्हणजे कोणी पाहिलं तरी बसायला कारण आहे. आणि कोणी तरी पाहतंच, त्या दिवशी तुझी काकूच होती, म्हणाली, "काहून गं, एकटी?" ब्लाउज दाखवला.

अकरा वीसला मेसेज, "अकराला ठरलं होतं, मी पावणेबारापर्यंत आहे." एक फोन. काही नाही. पावणेबाराला उठून घरी. दुपारी पोटात गोळा आला तो वेगळाच. नागपूर रस्त्यावर ट्रक केवढे, काही झालं तर? मग पाहिलं, दीड वाजता तो व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन होता. दवाखान्यातला माणूस असा नसतो. ऑनलाइन दिसलं नसतं तर मी संध्याकाळी मामांना फोन करून चौकशी केली असती, एवढं मात्र केलंच पाहिजे, मग तो कितीही उद्धट निघो.

रात्री दहाला आलं, "सॉरी आज जमलं नाही, सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारी नक्की."

सांगायचं राहूनच गेलं! सुमे, पहिल्या वेळी उशीर झाला, तो मी गिळला. ह्या वेळी वेळ त्यानंच दिली होती, रस्ता मोकळा होता, फोन हातात होता. मी शिंप्याच्या बाकड्यावर बसले आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. रात्रभर मनात मोठमोठी भाषणं तयार केली. एक तर इतकं सुंदर होतं की तुला वाचून दाखवायला हवं होतं. सकाळी पाठवलं ते एवढंच: "तुम्ही सुखरूप आहात हे कळलं, बरं झालं. मला पुढे भेटायचं नाही. माझ्या घरी मी सांगते, तुमच्याकडे तुम्ही सांगा." का, कसं, काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर पंक्चर पुन्हा आलं असतं.

आणि लगेच, चहाच्याही आधी, मामांना फोन केला. आपल्याकडे जो आधी बोलतो त्याचंच खरं ठरतं. त्याच्या घरून "मुलगी फार नखऱ्याची" असं पोचलं असतं तर मी नंतर सेवाग्रामचा सगळा हिशोब मांडला तरी कोणी ऐकला नसता. मामा गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "वेळेचंच ना? लग्नानंतर सुधरतात पोरं."

इथंच माझी झोप उडाली आहे. आई रोज भाकरी थापताना सुरू होते. दारू नाही, व्यसन नाही, नोकरी पक्की, आणि तू नाही म्हणतेस ते घड्याळाकडे पाहून? एकतीस चालू आहे तुला. मी म्हटलं, उद्या दवाखान्यातून फोन केला आणि हा "दहा मिनिटांत येतो" म्हणाला तर? आई म्हणाली, तुझ्या बाबांनी तुझ्या जन्माच्या वेळी काय केलं होतं माहीत आहे? मला माहीत आहे. ते पोळ्याचे बैल धुवायला गेले होते. तरी नाल्यावरून निरोप पाठवला होता, असं आजी सांगायची. आई त्यावर काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

त्याचा काल परत मेसेज आला, "एक चान्स तर द्या." उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही, माझं म्हणणं त्याला एकदा कळवून झालं आहे. ब्लॉक केलं नाही, मामांच्या नात्यातला आहे, फक्त आवाज बंद केला. तू मला एवढंच कर, आईला एक फोन कर. तुझं ती ऐकते. माझी बाजू घे असं नाही, फक्त आर्वीचं सगळं तुझ्या तोंडून तिच्या कानावर जाऊ दे.

तुझ्या पिल्लाला दात आले म्हणे, फोटो पाठव. भावजींच्या बदलीचं काय झालं? सासूबाई परत गेल्या का? संक्रांतीला येणार असशील तर गाडी कोणती ते आधी कळव, आणि उशीर होणार असेल तर गावाचं नाव सांग.

तुझीच,
वंदी